आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि मधला हिशेब

एप्रिल २०१२मध्ये अमेरिकेतल्या ‘द डॉ. ऑझ शो’ या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात ग्रीन कॉफीची ओळख करून दिली गेली. ग्रीन कॉफी म्हणजे न भाजलेल्या कॉफीच्या बियांचा अर्क. त्याच्या गोळ्या घेतल्या की आहार न बदलता आणि व्यायाम न करता वजन उतरते, असे सांगणारा पाहुणा त्या दिवशी कार्यक्रमात आला होता. सूत्रसंचालक मेहमेत ऑझ हे खरोखरचे हृदयशल्यविशारद. साहजिकच लाखो घरांत त्या शब्दाला वजन आले आणि काही आठवड्यांत ग्रीन कॉफी विकणाऱ्या संकेतस्थळांचा सुळसुळाट झाला. पुढच्या तीन वर्षांत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या व्यापार आयोगाने, या गोळ्यांमागची साखळी एकेक कडी करून उलगडली. वजन घटवण्याची उत्पादने विकणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळाची पारख कशी करावी, हे शिकायला इतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल, आणि त्याचा एक धागा थेट भारतापर्यंत येतो.

पहिली कडी पाहुण्याची. लिंडसे डंकन नावाच्या या पाहुण्याला कार्यक्रमाचे निमंत्रण मिळेपर्यंत ग्रीन कॉफीची माहितीही नव्हती, असे आयोगाने म्हटले. निमंत्रण आल्यावर त्याने घाऊक अर्क विकणाऱ्याशी संपर्क साधला आणि स्वतःच्या विक्रीची तयारी केली. कार्यक्रमात त्याने प्रेक्षकांना इंटरनेटवर नेमके कोणते शब्द शोधायचे तेही सांगितले. ते शब्द शोधणाऱ्याच्या समोर त्याच्याच कंपन्यांच्या जाहिराती याव्यात, अशी व्यवस्था आधीच झालेली होती. २०१५मध्ये त्याने आणि त्याच्या कंपन्यांनी ९० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. तटस्थ तज्ज्ञ म्हणून बोलणारा माणूस त्याच वस्तूचा विक्रेता होता आणि प्रेक्षकांना ते कोणी सांगितले नव्हते.

दुसरी कडी संकेतस्थळांची. फ्लोरिडातल्या एका विक्रेत्याने ऑझ यांच्या कार्यक्रमाच्या चित्रफिती आपल्या पानांवर लावल्या आणि बातम्यांच्या संकेतस्थळासारखी दिसणारी खोटी पाने तयार केली. त्यावर वार्ताहराने स्वतः गोळ्या घेऊन पाहिल्याचे वर्णन असे, खाली समाधानी ग्राहकांचे अनुभव असत. त्यातल्या काहींना अनुभव सांगण्यासाठी मोबदला मिळाला होता, ही गोष्ट मात्र लपवलेली होती. म्हणजे प्रसिद्ध चेहरा खरा, त्याचा आवाज खरा, तरीही त्या बाटलीशी त्याचा काही करार नाही, असेही होते. आज तर चेहरा आणि आवाज दोन्ही संगणकावर बनवता येतात. अभिनेते अनिल कपूर यांना आपले नाव, छबी आणि आवाज यांच्या परस्पर वापराविरुद्ध २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातून आदेश मिळवावा लागला. त्यामुळे पानावर ओळखीचा चेहरा दिसला, तर पहिली चौकशी त्या व्यक्तीच्या अधिकृत खात्यावर करावी. तिथे या उत्पादनाचा उल्लेखच नसेल तर पान बंद करावे. उल्लेख असेल तर तो पैसे घेऊन केलेल्या जाहिरातीचा आहे का, ते पाहावे. आणि जाहिरात खरी निघाली, तरी त्यातून एवढेच कळते की त्या व्यक्तीने करार केला आहे. गोळीने वजन उतरते की नाही, या प्रश्नाचे उत्तर तिथे नसते.

फोटो काय सांगत नाही

आता या पानांचा कणा असलेल्या जोडफोटोंकडे वळू. ‘आधी’च्या फोटोत माणूस खांदे पाडून, पोट सैल सोडून, वरून पडणाऱ्या पांढऱ्या फटक उजेडात उभा असतो. ‘नंतर’च्या फोटोत तो किंचित तिरका वळलेला, पोट आत घेतलेला, केस विंचरलेला असतो, बाजूने येणाऱ्या प्रकाशामुळे स्नायूंच्या सावल्या उठून दिसतात आणि कपड्यांची शिवण बेताची असते. हे दोन फोटो एकाच दुपारी काढता येतात. म्हणून फोटो पाहताना पोटाआधी पार्श्वभूमी पाहावी. प्रकाश, कॅमेऱ्याचे अंतर, उभे राहण्याची ढब आणि कपडे दोन्हींत सारखे आहेत का? नसतील तर त्या जोडीतून काहीच मोजता येत नाही. फोटो जतन करून गूगल लेन्स किंवा TinEye मध्ये शोधला, तर तोच चेहरा दुसऱ्या उत्पादनाच्या पानावर वेगळ्या नावाने सापडणे अजिबात दुर्मीळ नाही.

फोटो अगदी खरा असला, तरी मोठी अडचण उरतेच. समजा, एका उत्पादनाचे दहा हजार ग्राहक आहेत. त्यातले काहीजण त्याच काळात चालायला लागलेले असतात, कोणी गोड सोडलेले असते, कोणी आजारी पडून बारीक झालेले असते. विक्रेता त्यातले वीस फोटो निवडतो. उरलेल्यांचे काय झाले, हे पानावर कधीच येत नाही. खाली बारीक अक्षरांत ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’ असे लिहिलेले असते, आणि खरी कबुली त्याच ओळीत असते.

मधला हिशेब

मग दावा तपासायचा कसा? पहिली चाळणी साध्या गणिताची आहे. शरीरातली एक किलो चरबी खर्ची पडायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. ‘महिन्यात दहा किलो’ म्हणजे ७७,००० कॅलरी, रोजच्या सुमारे २,५७०. बैठे काम करणाऱ्या मध्यम बांध्याच्या बाईचा दिवसभराचा एकूण खर्च बहुधा याहून कमीच असतो. म्हणजे तिने महिनाभर अन्नाचा कणही घेतला नाही, तरी एवढी चरबी जाणार नाही. पहिल्या आठवड्यात काट्यावर दोन-तीन किलो उतरलेले दिसतात, त्यात पाण्याचा मोठा वाटा असतो. शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या सुमारे तिप्पट वजनाचे पाणी साठलेले असते. खाणे कमी झाले की साखर खर्च होते, पाणी निघून जाते आणि नेहमीचे जेवण सुरू होताच दोन्ही परत येतात. ‘सात दिवसांत फरक’ या घोषणेचा आधार बहुतेक वेळा हाच असतो.

हे गणित ढोबळ खोटे पकडते, पण ग्रीन कॉफीचा दावा त्यातून सुटला असता. तिची जाहिरात एका प्रकाशित अभ्यासावर उभी होती : २२ आठवड्यांत सरासरी ८ किलो घट. हिशेब केला तर ही तूट रोजची ४०० कॅलरी येते, म्हणजे अशक्य नाही. त्यासाठी दुसरी चाळणी लागते, ती तुलनेची. किती माणसांवर प्रयोग झाला, खोटी गोळी दिलेल्या माणसांचे वजन किती उतरले आणि अभ्यासाचा खर्च कोणी केला, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

या अभ्यासात माणसे होती फक्त १६. पैसे दिले होते हा अर्क विकणाऱ्या टेक्सासच्या अप्लाइड फूड सायन्सेस या कंपनीनेच. प्रयोग झाला भारतात. आयोगाच्या म्हणण्यानुसार, प्रयोग करणाऱ्याने सहभागी लोकांची वजने आणि इतर मोजमापे वारंवार बदलली, प्रयोगाचा कालावधी बदलला आणि खरी गोळी कोणाला, खोटी कोणाला, याची नोंदही चुकीची दिली. लेख छापून येईना, तेव्हा कंपनीने अमेरिकेतल्या स्क्रँटन विद्यापीठातल्या संशोधकांकडून तो नव्याने लिहून घेतला. २०१४मध्ये कंपनीने ३५ लाख डॉलर भरायचे कबूल केले आणि त्याच वर्षी संशोधकांनी लेख मागे घेतला. म्हणून ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ या शब्दांपाशी थांबू नये. अभ्यासाचे नाव दिलेले नसेल तर दावा निराधार समजावा. दिलेले असेल तर ते नाव शोधून त्यापुढे ‘मागे घेतला’ या अर्थाचा Retracted हा शिक्का आहे का, ते पाहावे.

आपल्याकडची पडताळणी

भारतात अशा उत्पादनाच्या डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ आकडी परवाना क्रमांक असावा लागतो. तो foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे ते दिसते. डब्यावरचे नाव आणि तिथले नाव जुळते का, ते पाहावे. मात्र परवान्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. त्या कंपनीला अन्नपदार्थ बनवण्याची किंवा विकण्याची परवानगी आहे, एवढेच तो सांगतो. गोळीने वजन उतरते, याची ती सरकारी हमी नसते. उलट पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना छापणे नियमानेच बंधनकारक आहे. तीच कंपनी आपल्या पानावर मधुमेह बरा झाल्याचे सांगत असेल, तर डबा आणि पान यांतले एक खोटे आहे.

औषध म्हणून विकायचे ठरवले तर १९५४चा औषधे आणि चमत्कारी उपाय कायदा आडवा येतो. ज्या विकारांवर उपचाराची जाहिरात करायला त्यात मनाई आहे, त्या यादीत लठ्ठपणाचे नाव आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि त्यात झळकणाऱ्या नामवंतालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा पुन्हा घडल्यास तो ५० लाखांपर्यंत जातो, आणि त्या नामवंताला जाहिराती करण्यापासून आधी एक व नंतर तीन वर्षांपर्यंत रोखता येते. जाहिरातीतल्या दाव्याची खातरजमा करणे ही त्याचीही जबाबदारी मानली आहे.

एक धोका शेवटी राहतो आणि तो पैशांपेक्षा मोठा आहे. काही वेळा ‘शंभर टक्के हर्बल’ गोळीने खरोखरच भूक मरते आणि वजन भराभर उतरते. अशा वेळी आनंद मानू नये. सिब्युट्रामीन हे भूक दाबणारे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवते म्हणून २०१०मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढले गेले आणि त्यानंतर भारतातही त्यावर बंदी आली. तरीही वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते लपवून मिसळलेले तपासण्यांत वेळोवेळी सापडले आहे, आणि वेष्टनावर त्याचे नाव नसते. गोळी सुरू केल्यावर धडधड, तोंडाला कोरड, झोप उडणे किंवा रक्तदाब वाढणे असे काही जाणवले, तर गोळी लगेच थांबवा आणि डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा. छातीत दुखले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर थेट रुग्णालय गाठा.

फसवणूक झाली असेल तर पानाचे आणि जाहिरातीचे चित्र, पैसे भरल्याची पावती आणि डबा जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. भेसळीचा संशय असेल तर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे जा. लाज वाटून गप्प राहणाऱ्या ग्राहकांच्या जिवावरच हा धंदा चालतो. तुमची एक तक्रार पुढच्या माणसाचे पैसे वाचवील, कदाचित जीवही.