भाकरीला तडे का जातात?

गव्हाच्या पोळ्या सफाईने लाटणाऱ्या हातांनाही ज्वारीची भाकरी थापताना पुष्कळदा अपयश येते. उंडा परातीत दाबताच कडा फाटतात, भाकरी उचलावी तर मधोमध मोडते. याचे मूळ धान्याच्या स्वभावात आहे. गव्हाचे पीठ भिजवले की त्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते आणि त्यामुळे पोळी ताणली जाते. ज्वारी आणि बाजरीच्या प्रथिनांत असे जाळे बांधण्याचे सामर्थ्य नाही. त्यामुळे भाकरीचे पीठ एकत्र राहते ते मुख्यतः ओलाव्यामुळे आणि स्टार्चच्या चिकटपणामुळे.

या चिकटपणाला आपल्याकडे ‘विरी’ म्हणतात. सोलापूर किंवा मराठवाड्यात गिरणीतून नुकतेच आणलेले पीठ साध्या पाण्यातही चांगले मळले जाते. परंतु दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी जाते. बदलीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबांना अनेकदा दुकानातील बंद पाकिटावरच भागवावे लागते, आणि त्यातील पीठ केव्हा दळले हे हाती येईपर्यंत जुने झालेले असते. अशा पिठाला गरम पाण्याचाच आधार घ्यावा लागतो. उकळते पाणी पिठावर पडले की स्टार्चचे काही कण फुगून चिकट होतात आणि उरलेल्या कोरड्या पिठाला धरून ठेवतात. कोकणात तांदळाच्या भाकरीसाठी उकड काढतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

समजा, पाकिटातील दोन वाट्या ज्वारीचे पीठ घेतले. ते चाळून परातीत मध्ये आळे करावे. एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळावे आणि लगेच त्या आळ्यात ओतावे. पाणी नुसते कोमट असेल तर स्टार्च फुगत नाही आणि सारा खटाटोप वाया जातो. चमच्याने कालवून पीठ पाच मिनिटे झाकून ठेवावे. त्यानंतर हाताला सोसेल इतपत निवले की अर्धी ते पाऊण वाटी कोमट पाणी थोडे थोडे लावीत मळावे. पाण्याचे प्रमाण पिठागणिक बदलते, म्हणून ते एकदम ओतू नये. सगळेच पाणी उकळते घातले तर पीठ गिच्च होऊन हाताला चिकटते आणि भाकरी चिवट होते.

खरे काम मळण्याचे आहे. चार भाकरींचे पीठ एकदम मळून ठेवले तर ते वरून सुकते. म्हणून एका भाकरीपुरता गोळा घेऊन तो तळहाताच्या मुळाने परातीवर पुढे रेटावा, गोळा करून पुन्हा रेटावा. दोन-तीन मिनिटांत पीठ मऊ आणि गुळगुळीत होते. तयार उंडा अंगठ्याने दाबून पाहावा. कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून आणखी मळावे. बोटाला चिकटला तर चिमूटभर कोरडे पीठ मिसळावे. ही परीक्षा थापण्यापूर्वीच करावी, कारण थापताना पडलेली भेग सांधणे कठीण असते.

परातीत पीठ भुरभुरून उंडा ठेवावा. एका हाताच्या बोटांनी थापत भाकरी फिरवावी आणि दुसऱ्या हाताने कड आत दाबून गोलाई राखावी. मध्यभागापेक्षा कडेकडे अधिक थापावे, नाहीतर मध्य पातळ होऊन तेथेच भाकरी फाटते.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवावी व तिच्यावर ताबडतोब पाण्याचा हात फिरवावा. हे पाणी सुकत येताच, पूर्ण कोरडे होण्याआधी, भाकरी उलटावी. उशीर झाला की पृष्ठभागावर बारीक तडे दिसतात, आणि तेथूनच वाफ निसटल्याने भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली बाजू थेट आचेवर धरावी; पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते.

बाजरीलाही हीच रीत लागू पडते. भाकरी मात्र किंचित जाड थापावी, कारण ती लवकर मोडते. येथे गरम पाण्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ लवकर खवट व कडू होते. गरम पाणी पिठाला चिकटपणा देते, पण कडवटपणा घालवीत नाही. म्हणून मळण्याआधी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून पाहावे. कडू लागले तर ते बाजूला सारावे आणि पुढच्या वेळी बाजरी आठवडाभर पुरेल इतकीच दळून आणावी.