डोळे मिटण्याआधीचे बारा चौकोन

निगडीतली एक छोटी खोली, रविवारची दुपार, मध्ये एक घडीचं टेबल. माझी मैत्रीण दाराबाहेर जाऊन उभी राहिली, तिने दार वाजवलं, आत आली, आणि मी म्हणाले, "या, बसा." अकरा वर्षं आमचं अगं-तुगं चालत आलेलं. त्या एका "बसा"ने तिचा आवाज बदलला, हात टेबलाखाली गेले. चार दिवसांनी चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तिची क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी मुलाखत होती. मी तिचा सराव घेणार होते, आणि माझ्यासमोर वहीच्या पानावर आखलेले बारा चौकोन होते.

हे बारा चौकोन कुठून आले ते आधी सांगायला हवं, कारण त्यामागची गोष्ट मला आजही थक्क करते.

१९५५ साली इस्रायलच्या सैन्यात एकवीस वर्षांच्या एका तरुणावर एक काम सोपवलं गेलं. त्याचं नाव डॅनिएल कानेमन. पुढे २००२ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा मात्र त्याच्याजवळ मानसशास्त्राची एक पदवी होती, एवढंच. लढाऊ तुकड्यांसाठी विचारात असलेल्या प्रत्येक मुलाची मुलाखत व्हायची. मुलाखत घेणारे पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारायचे आणि हा मुलगा सैन्यात कसा निभावेल याचा एकंदर अंदाज द्यायचे. मागाहून ताडून पाहिलं, तर त्या अंदाजाचा जवळजवळ काहीच उपयोग नव्हता.

कानेमनने गप्पा बंद केल्या. त्याने सहा गुणवैशिष्ट्यं ठरवली, प्रत्येकासाठी साधे, घडलेल्या गोष्टींबद्दलचे प्रश्न लिहिले: आधी किती ठिकाणी काम केलं, वेळेवर जायचास का, मित्रांना किती वेळा भेटतोस. एका वैशिष्ट्याचे प्रश्न संपले की लगेच एक ते पाच गुण द्यायचे आणि मगच पुढच्याकडे वळायचं. एकंदर मुलगा कसा वाटला, याचा विचारही करायचा नाही. मुलाखत घेणाऱ्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. त्या वैतागल्या. आम्हाला यंत्रं करून टाकताय, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा त्यांचं मन राखण्यासाठी त्याने शेवटी एक मुभा दिली: सगळे गुण लिहून झाले की डोळे मिटा, तो मुलगा सैनिक म्हणून डोळ्यांसमोर आणा, आणि मनाला वाटेल तो आकडा द्या.

काही महिन्यांनी निकाल आले. सहा गुणांची बेरीज जुन्या अंदाजापेक्षा पुष्कळ बरी ठरली. अचूक नव्हे, पण बरी. खरं आश्चर्य पुढे आहे. डोळे मिटून दिलेला तो आकडाही बेरजेइतकाच चांगला निघाला! माणसाचं मन तेच होतं, आतला आवाजही तोच. फरक इतकाच, की आता तो आवाज सहा गोष्टी एकेक करून पाहिल्यानंतर बोलत होता.

मैत्रिणीचा सराव घेताना हे फारच लागू पडतं. ती दारातून आत आली तेव्हाच माझ्या मनात तिला गुण मिळून गेले होते. ती हुशार आहे, मेहनती आहे, माझी आहे. त्या प्रेमाला बाजूला ठेवायचं कसं? ठेवता येत नाही. पण त्याला शेवटी बोलायला लावता येतं.

म्हणून आमचा तक्ता असा होता. उभे चार प्रश्न, आडवे तीन निकष: विचारलं त्याचंच उत्तर आलं का, त्यात तिने स्वतः काय केलं ते कळलं का, आणि ठोस तपशील होता का. प्रत्येक चौकोनात एक ते पाच. पण नुसते आकडे लिहून भागत नाही, कारण माझा तीन आणि तिचा तीन वेगळा असतो. म्हणून आदल्या रात्री आम्ही दोघींनी मिळून १, ३ आणि ५ म्हणजे काय ते शब्दांत लिहिलं. तपशिलाच्या रकान्यात १ म्हणजे "एकही आकडा, नाव किंवा वेळ नाही"; ३ म्हणजे "एखादा आकडा आहे, पण त्यावरून चित्र उभं राहत नाही"; ५ म्हणजे "ऐकणारा ते काम दुसऱ्याला सांगू शकेल". २ आणि ४ अधल्यामधल्यासाठी मोकळे सोडले. प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी कोऱ्या ठेवल्या. त्यात माझं मत लिहायचं नव्हतं, फक्त तिच्या तोंडचे शब्द लिहायचे होते.

दुसरा प्रश्न होता: "तुम्ही स्वतः पकडलेला एखादा दोष सांगा."

ती म्हणाली, "आम्ही अप्रेंटिसशिपला असताना लाइनवर एक क्वालिटी प्रॉब्लेम आला होता. मग आम्ही सगळ्यांनी मिळून रूट कॉज शोधलं, त्यावर आम्ही ॲक्शन घेतली, आणि नंतर तो प्रॉब्लेम परत आला नाही."

उत्तर सफाईदार होतं. चेहऱ्यावर हसू, एकदाही न अडखळता. मला पटकन चार द्यावेसे वाटले. पण चौकोन चार विचारत नव्हता, तो विचारत होता की आकडा कुठे आहे. कोऱ्या ओळीत मी लिहिलं: "आम्ही" तीनदा, "मी" एकदाही नाही. गुण दिले: चार, एक, एक. आणि ते झाकून पुढचा प्रश्न विचारला.

चारही प्रश्न वीस मिनिटांत संपले. मग तिने, माझं पान न बघता, तसेच बारा चौकोन स्वतःसाठी भरले. हा भाग कधी गाळू नये. दोन्ही पानं शेजारी ठेवली तेव्हा त्याच उत्तरात तपशिलासाठी माझा एक होता आणि तिचा चार.

ती खोटं बोलत नव्हती. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने एक प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी तरी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, शब्दांसकट, वाद्यांसकट. समोर पोचते ती नुसती टकटक. माझ्या मैत्रिणीच्या डोक्यात तो सगळा दिवस चालू होता. मला "प्रॉब्लेम" आणि "ॲक्शन" एवढीच टकटक ऐकू आली होती. हे चार आणि एक शेजारी दिसले नसते तर तिलाही ते कळलं नसतं, आणि मलाही.

मग मी खोदायला लागले. कसला भाग होता? बुश. कुठलं माप? आतला व्यास, वीस मिलिमीटर, एच-सेव्हन. म्हणजे भोक वीसपेक्षा लहान चालत नाही, आणि मोठं असलं तर फार तर एकवीस मायक्रॉनने. केसाच्या जाडीचा साधारण तिसरा-चौथा हिस्सा! तपासायचं कसं? प्लग गेजने. त्याचं "गो" टोक भोकात गेलंच पाहिजे, "नो-गो" टोक जाता कामा नये.

"आणि?"

"आणि नो-गो आत गेलं," ती म्हणाली. "मी दर तासाला पाच पीस तपासायचे. चौथ्या पिसात ते सरळ आत गेलं. मला वाटलं माझंच काही चुकलं. गेज पुसून परत घातलं. परत गेलं. मग मी मशीन थांबवायला सांगितलं आणि त्या तासाचा बॉक्स बाजूला काढून लाल टॅग लावला. साठातले नऊ पीस मोठे निघाले. कूलंटचा नोझल फिरला होता गं, पाणी रीमरवर पडतच नव्हतं. धातूचा चुरा रीमरच्या धारेला चिकटत होता, म्हणून भोक मोठं होत होतं."

लिहिता लिहिता मी थांबले. असलं पाच गुणांचं उत्तर तिच्याजवळ पहिल्यापासून होतं, आणि "आम्ही सगळ्यांनी मिळून"च्या खाली दबून गेलं होतं. कदाचित घरचं वळण असेल; स्वतःचं सांगू नये, असं आपल्यातल्या कितीजणींना शिकवलेलं असतं. तक्त्यातला एकचा आकडा मला क्रूर वाटला होता. तोच नसता तर मी खोदलंच नसतं.

आता अभिप्राय द्यायचा. इथे मैत्री सर्वांत जास्त अडखळते, आणि भीती अगदी खोटी नाही. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की धोका वाढतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून "तू आत्मविश्वासाने बोलत नाहीस" हे वाक्य मी गिळलं. त्याऐवजी कोऱ्या ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या: "या उत्तरात तीन वेळा आम्ही आहे, मी नाही. नऊ पीस, नो-गो, कूलंट यातलं पहिल्या वेळी काहीच आलं नाही." त्यावर वाद घालता येत नाही, आणि रुसताही येत नाही. तिचेच शब्द होते. मी दोनच गोष्टी सांगितल्या. बाकीचं पान तिच्या हातात होतंच.

तक्ता फसतो तेही सांगायला हवं. एका प्रश्नाचे तिन्ही चौकोन सारखेच येऊ लागले, चारही प्रश्नांना, तर समजावं की आपण निकष बघत नाही, माणूस बघतोय. सगळीकडे तीनच पडत असतील तर आपण दुखवायला घाबरतोय. तिसरा प्रकार आमच्याही बाबतीत घडला: तोच प्रश्न पुन्हा विचारला की गुण वाढतातच, कारण आता तो किस्सा मलाही माहीत झालेला असतो आणि गाळलेल्या जागा मीच मनात भरून घेते. म्हणून दुसऱ्या फेरीत प्रश्न बदलायचा, निकष तेच ठेवायचे. आणि एक मर्यादा कुठल्याही तक्त्याने भरून निघत नाही. मला रीमर म्हणजे काय हे त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. तिचं उत्तर स्पष्ट आहे की नाही ते मी सांगू शकत होते, तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे की नाही ते नाही. त्यासाठी तिने संध्याकाळी तिच्या जुन्या सुपरवायझर काकांना फोन केला.

बुधवारी दुसरी फेरी झाली. मी विचारलं, "घाईच्या वेळी तुम्ही एखादं काम थांबवलंय का?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "हो. मी दुसऱ्या पाळीत होते, डिस्पॅचची गाडी गेटवर उभी होती, आणि माझ्या हातातलं नो-गो आत गेलं."

मी तिन्ही चौकोन भरले. बाकीचे नऊही भरून झाल्यावर पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटले.