‘रम अँड कोका-कोला’: चाल हसरी, बोल बोचरे

वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटावर कॅलिप्सो नावाचा गाण्याचा प्रकार आहे. ताज्या घटनांवर बोट ठेवायचं, बड्या लोकांना टोमणे मारायचे आणि चावट ते आडून सुचवायचं, ही त्याची रीत. आडून बोलण्याला एक व्यावहारिक कारणही होतं. बेटावर ब्रिटिशांचं राज्य होतं आणि 1934 च्या एका कायद्याने अशा गाण्यांवर सरकारची नजर बसली होती. सरळ बोललं तर गाणं बंद पडणार, म्हणून शाहिराने दुहेरी अर्थाची ढाल धरली. लावणी ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ही युक्ती चटकन कळते. तरीही लॉर्ड इन्व्हेडर या कॅलिप्सो गायकाचं ‘रम अँड कोका-कोला’ आपल्याला पहिल्या फेरीत उलगडत नाही.

या गाण्यातले शब्द सोपे आहेत, म्हणून समजावणाऱ्याने शब्दांपासून सुरुवात केली की फसगत होते. आधी परिस्थिती सांगावी लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने त्रिनिदादच्या वायव्य टोकाला, चाग्वारामास इथे नौदलाचा मोठा तळ उभारला. हजारो सैनिक आले आणि त्यांच्या खिशातले डॉलरही आले. मळ्यात राबणाऱ्या माणसाला कधी दिसला नव्हता असा पैसा बाजारात खुळखुळू लागला.

आता गाण्यातली जागा घ्या. पॉइंट कुमाना हे नाव परक्या श्रोत्याला नारळीची झाडं असलेल्या एखाद्या सहलीच्या किनाऱ्यासारखं वाटतं. त्रिनिदादच्या माणसाला मात्र माहीत असतं की ते गाव तळाला लागून आहे. तिथे कोण जातं आणि कशासाठी, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

पुढचा शब्द ‘काम’. आई आणि मुलगी, दोघीही यांकींच्या डॉलरसाठी काम करतात, असं धृपद सुचवतं. यांकी म्हणजे अमेरिकन माणूस, इथे अर्थातच सैनिक. मराठीत हे सांगताना ‘धंदा करतात’ म्हटलं तर सगळा आडपडदाच गळून पडतो. ‘राबतात’ म्हटलं तर त्या तळावर कपडे धुतात असं वाटेल. ‘कमावतात’ हा शब्द बरा, कारण त्यात दोन्ही शक्यता शिल्लक राहतात. गंमत त्या संदिग्धतेत आहे आणि वेदनाही तिथेच आहे. शीर्षकाकडेही असंच पाहता येतं: रम बेटाची, कोला अमेरिकेचा आणि दोन्ही एकाच ग्लासात.

ही माहिती नसली की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. त्रिनिदादला जाऊन आलेल्या मोरी ॲमस्टरडॅम या विनोदी कलाकाराने गाणं आपल्या नावावर केलं. अँड्र्यूज सिस्टर्स या तीन बहिणींनी 1944 मध्ये ते गायलं आणि 1945 मध्ये ते लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं. लोकांनी ते सुट्टीच्या मजेचं गाणं म्हणून ऐकलं. आपण अर्थाचा फारसा विचारच केला नव्हता, असं पुढे त्या बहिणींनीही सांगितलं. काही रेडिओ केंद्रांनी गाण्यावर बंदी घातली, पण मुख्य आक्षेप दारूच्या उल्लेखाला आणि एका कंपनीच्या फुकट जाहिरातीला होता. पुढे गाण्याच्या मालकीवरून न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटले झाले आणि त्रिनिदादच्या बाजूने निकाल लागला.

इन्व्हेडरच्या मूळ कडव्यांत बोच उघड आहे. एका कडव्यात नवी नवरी सैनिकाबरोबर पळून जाते आणि नवरा वेडापिसा होतो. म्हणजे गाणारा आहे तो डॉलरपुढे हरलेला स्थानिक पुरुष. त्याचा राग सैनिकांवर आहे, तसाच बायकांवरही आहे. त्या बायकांना घरात काय कमी पडत होतं, हे गाणं विचारत नाही. 1956 मध्ये माइटी स्पॅरोने ‘जीन अँड डायना’ गायलं, तेव्हा बरेचसे सैनिक परतले होते. वेश्यांचे भाव पडले आणि आता त्या आमच्याच दारी येणार, असा विजयाचा सूर त्यात आहे. त्या गाण्याने तो कॅलिप्सोचा राजा ठरला.

समजावणाऱ्याने ही कडवट बाजू झाकू नये. ‘तिकडे असंच चालतं’ म्हणून सोडून दिलं तर श्रोता त्या बेटाविषयी चुकीचं मत करून घेतो. नुसतं ‘अश्लील आहे’ म्हटलं तर परकी सत्ता आणि परका पैसा यांवरचा राग हरवतो. आधी तळ, मग गाव, मग ‘काम’ आणि शेवटी गाणाऱ्याची बाजू, या क्रमाने सांगितलं की श्रोत्याचे प्रश्न बदलतात. ‘याचा अर्थ काय?’ हे विचारणं थांबवून ‘हा नक्की कोणाला बोल लावतोय?’ असं त्याने विचारलं की गाणं त्याच्यापर्यंत पोचलं.