टीव्हीचा आवाज तुमच्या हेडफोनमध्ये: ऑप्टिकल पोर्ट, ब्लूटूथ ट्रान्समीटर आणि ओठ-आवाजाचा घोळ

मोबाइलवर यूट्यूब बघताना ब्लूटूथ हेडफोनचा आवाज मागे पडलेला तुम्हाला सहसा जाणवत नाही. तोच हेडफोन टीव्हीला जोडला की मात्र बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर ऐकू येतात. हेडफोन तोच, ब्लूटूथ तेच, मग असं का होतं?

मोबाइलमधल्या व्हिडिओ प्लेअरला माहीत असतं की आवाज कानापर्यंत पोचायला किती उशीर लागणार आहे, म्हणून तो चित्रही तेवढंच थांबवून दाखवतो. उशीर तिथेही असतोच, फक्त लपवलेला असतो. (गेम खेळताना चित्र असं थांबवता येत नाही, म्हणून गोळी झाडल्यावर आवाज उशिरा येतो.) टीव्हीच्या मागे ट्रान्समीटर लावला की टीव्हीला त्याचा पत्ताच नसतो. त्याच्या दृष्टीने आवाज ऑप्टिकल पोर्टमधून बाहेर गेला, काम झालं. पुढे ब्लूटूथने लावलेला वेळ सगळा आपल्या कानावर येतो.

आमच्याकडे शहापूरला हा प्रयोग करायचं कारण साधं होतं. घर दोन खोल्यांचं, बहिणीची बारावी आणि आईच्या मालिका रात्री साडेआठला. टीव्ही जुना, त्यात ब्लूटूथ नाही, पण मागे ऑप्टिकल पोर्ट होता. मुरबाडला मामाच्या टीव्हीला तोही नाही, फक्त हेडफोनचं भोक आहे. तेव्हा खरेदीच्या आधी टीव्हीच्या मागे टॉर्च मारून बघा. ऑप्टिकल पोर्ट चौकोनी असतो, त्यावर छोटं झाकण असतं आणि टीव्ही चालू असताना आतून लाल प्रकाश दिसतो. या पोर्टमधून वीज नाही, प्रकाश बाहेर येतो आणि त्यातच आवाज असतो. तोशिबा कंपनीने ही पद्धत १९८३ साली आणली. मामासारखी स्थिती असेल तर ऑक्स वायर घालता येणारा ट्रान्समीटर घ्या, बाकी सगळं तसंच चालतं.

जोडणी सोपी आहे, पण तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, नव्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. त्या काढल्याशिवाय केबल नीट बसत नाही. बसली की हलकी ‘टक’ जाणवते. दुसरं, ट्रान्समीटरवर बहुधा दोन छोटे स्विच असतात. एक TX वर आणि दुसरा SPDIF वर हवा. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये Digital Sound Out किंवा तत्सम नावाचा पर्याय असतो, तो PCM वर ठेवा. तो Auto किंवा Dolby Digital वर असेल तर टीव्ही डॉल्बीचा बांधलेला आवाज तसाच पुढे ढकलतो आणि साध्या ट्रान्समीटरला तो सोडवता येत नाही. याची खूण म्हणजे एका चॅनेलवर आवाज येतो आणि दुसऱ्यावर किंवा ओटीटीच्या सिनेमाला पूर्ण शांतता किंवा नुसता खरखराट. लोक ट्रान्समीटर खराब समजून परत पाठवतात, आणि दोष असतो या एका सेटिंगचा.

वीज टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून द्या. बऱ्याच टीव्हींचा यूएसबी टीव्हीबरोबरच बंद होतो, त्यामुळे ट्रान्समीटरही आपोआप झोपतो. पेअर करताना आपल्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर हेडफोन सवयीने आधी मोबाइलला जाऊन चिकटतो. आणखी एक: बऱ्याच टीव्हींवर ऑप्टिकलचा आवाज रिमोटने कमी-जास्त होत नाही, तो हेडफोनवरूनच करावा लागतो. उलट टीव्हीचा स्पीकर म्यूट करून फक्त हेडफोनवर ऐकता येतं, आणि आम्हाला तेच हवं होतं.

आता उशिराचा हिशेब. ब्लूटूथ आवाजाचे बारीक तुकडे करतं, ते दाबून लहान करतं आणि पाठवतं. ही दाबायची रीत म्हणजे कोडेक. हेडफोन ते तुकडे लगेच वाजवत नाही, थोडा साठा जमवतो. वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो परत मागवायला वेळ मिळावा म्हणून. उशिरातला मोठा वाटा या साठ्याचाच. प्रत्येक हेडफोनला येणारा साधा कोडेक म्हणजे एसबीसी, त्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. ॲप्टएक्स लो लेटन्सी साठा एकदम कमी ठेवतो आणि ४० मिलिसेकंदांच्या आसपास काम उरकतो.

हे आकडे किती मोठे? शेतात ७० मीटरवर कुणी लाकूड फोडत असेल तर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते आणि आवाज सुमारे २०० मिलिसेकंदांनी येतो. एसबीसीचा उशीर तेवढा. ४० मिलिसेकंद म्हणजे तोच माणूस १४ मीटरवर, अंगणाच्या पलीकडे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज १२५ मिलिसेकंदांपेक्षा मागे पडला की प्रेक्षकांच्या ते लक्षात येऊ लागतं.

आम्ही मोजलं ते असं. यूट्यूबवर av sync test शोधून ठिपका-आणि-टिकची क्लिप टीव्हीवर लावली. हेडफोनचा एक कप मोबाइलच्या माइकला चिकटवून टीव्हीचं शूटिंग केलं, आणि एडिटिंग ॲपमध्ये ठिपका दिसल्यापासून टिक येईपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. माझ्या साध्या इअरबड्सवर सात फ्रेम आल्या, म्हणजे सुमारे २३० मिलिसेकंद. लो लेटन्सीवाल्या मोठ्या हेडफोनवर दोन फ्रेमही पुऱ्या झाल्या नाहीत. एवढा खटाटोप नको असेल तर बातम्या लावा आणि प, ब, म या अक्षरांवर लक्ष ठेवा. तिथे ओठ मिटतातच, त्यामुळे घोळ लगेच पकडता येतो.

इथेच खरी गोम आहे. ट्रान्समीटर लो लेटन्सीचा घेतला आणि हेडफोन तो कोडेक ओळखत नसेल, तर दोघे गपचूप एसबीसीवर येतात. बॉक्सवर काय छापलंय ते दोन्हीकडे बघा. छोट्या वायरलेस बड्समध्ये ॲप्टएक्स लो लेटन्सी फार क्वचित मिळतो, तो कानावर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनमध्ये आणि काही नेकबँडमध्ये सापडतो. नवा ॲप्टएक्स ॲडॅप्टिव्ह त्याहून थोडा मागे, पण मालिका बघायला पुरेसा आहे. काही बड्सचा गेमिंग मोड स्वतःचा साठा कमी करतो, त्यामुळे एसबीसीवरही फरक पडतो. पैसे खर्च करण्याआधी तो चालू करून बघा.

टीव्हीतल्या ऑडिओ डिले सेटिंगकडून मात्र फार आशा ठेवू नका. ती बहुधा आवाज आणखी मागे ढकलते, पुढे ओढत नाही. ती शून्यावर आहे ना, एवढंच तपासा.

साठा लहान म्हणजे आवाज तुटायची शक्यता जास्त, हा त्याचा तोटा. आमच्याकडे आई भाकऱ्या थापायला आत गेली की भिंतीमुळे आवाज तुटायचा. ट्रान्समीटर टीव्हीच्या पाठीमागे लोंबकळत होता, तो काढून कडेला डबल टेपने चिकटवला आणि वायफाय राउटर दोन हात लांब सरकवला, तेव्हा तुटणं जवळपास थांबलं. आता फक्त लाइट जाऊन आली की हेडफोन एकदा बंद करून चालू करावा लागतो.