चौदा तारीख कोणाची?

कॉलेजच्या वसतिगृहात पालकांसाठी, बाहेरगावच्या परीक्षकांसाठी दोन-चार गेस्ट रूम राखून ठेवलेल्या असतात. त्यांचं एक जाड रजिस्टर असतं : नाव, खोली क्रमांक, येण्याची तारीख, जाण्याची तारीख. जुना क्लार्क पानावरून बोट फिरवतो आणि खोली मोकळी आहे की नाही ते लगेच सांगतो. हेच काम सॉफ्टवेअरकडे दिलं, की कधीतरी एकाच खोलीचं बुकिंग दोघांच्या नावावर निघतं. दोघांच्याही हातात पावती असते आणि दोन्ही पावत्या खऱ्या असतात.

समजा, १२ नंबरची खोली १० ते १४ नोव्हेंबर दिलेली आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पहिल्यांदा जे सुचतं ते असं : नव्या पाहुण्याची येण्याची तारीख १० आणि १४ च्या मध्ये पडते का, किंवा जाण्याची तारीख पडते का? पडत असेल तर नकार द्यायचा. १२ ते १६ चा अर्ज यात अडकतो, ८ ते ११ चाही अडकतो. पण कुणी ८ ते १६ अशी खोली मागितली तर? येणं ८ ला, जाणं १६ ला, दोन्ही तारखा बाहेरच्या. तपासणी म्हणते, खोली मोकळी आहे. प्रत्यक्षात जुन्या पाहुण्याचा सगळा मुक्काम नव्याच्या पोटात गेलेला असतो. हे लक्षात आलं की तिसरी अट जोडली जाते, मग चौथी, आणि त्या अटींच्या जंजाळात पुढची चूक लपून बसते.

यातून सुटायचं तर प्रश्न उलटा विचारायचा. दोन मुक्काम आपसात भिडत नाहीत, असं कधी होतं? फक्त दोनच वेळा. एक तर नवा पाहुणा जुना येण्याआधी निघून जातो, किंवा जुना गेल्यावर नवा येतो. तिसरी शक्यता नाही. या दोन्हींपैकी एकही खरं नसेल तर टक्कर आहे. म्हणजे नवा येतो तेव्हा जुना गेलेला नसतो आणि जुना येतो तेव्हा नवा गेलेला नसतो. ८ ते १६ च्या अर्जासाठी ही तपासणी अशी लिहितात :

```
SELECT 1 FROM bookings
WHERE room_no = 12
  AND check_in  < '2026-11-16'
  AND check_out > '2026-11-08';
```

एकही ओळ सापडली तर खोली द्यायची नाही. जुन्याची सुरुवात नव्याच्या शेवटाशी ताडायची आणि जुन्याचा शेवट नव्याच्या सुरुवातीशी, ही तिरपी तुलना पहिल्यांदा विचित्र वाटते. पण जेम्स ॲलन या संशोधकाने १९८३ साली दोन कालखंडांमधले सगळे संभाव्य संबंध मांडले, ते तेरा भरले. त्यातले चार बिनधोक : आधी, नंतर, आणि दोन्ही बाजूंनी नुसतं टेकणं. उरलेले नऊ टकरीचे. ते नऊच्या नऊ या दोन तुलनांत पकडले जातात.

आता त्या टेकण्याकडे बघू, कारण खरे वाद तिथेच होतात. एक पाहुणा १४ ला सकाळी खोली सोडतो आणि दुसरा १४ ला दुपारी येतो. ही टक्कर आहे का? वसतिगृह दिवस भाड्याने देत नाही, रात्री देतं. १० ते १४ म्हणजे १०, ११, १२ आणि १३ या चार रात्री. चौदा तारखेची रात्र पुढच्याची. म्हणून सुरुवातीची तारीख धरायची आणि शेवटची सोडायची, आणि वरच्या तुलनेत `<` च्या जागी `<=` घालायचं नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ च्या एका छोट्या टिपणात आकड्यांच्या मालिकेसाठी हीच पद्धत सुचवली होती. शेवट वजा सुरुवात केली की थेट लांबी मिळते (१४ वजा १० म्हणजे चार रात्री) आणि लागून येणाऱ्या दोन मालिका फट न ठेवता एकमेकींना टेकतात. प्रयोगशाळेतही तेच. दहा ते बाराची बॅच आणि बारा ते दोनची बॅच यांत टक्कर नाही. ती टाळायला कुणी ११:५९ असा शेवट नोंदवतं, ते करू नये. दोन बॅचच्या मध्ये उपकरण धुवायला अर्धा तास लागत असेल तर तो अर्धा तास उघडपणे बुकिंगच्या शेवटात मिळवावा.

`<=` लिहिलं गेलंय हे ओळखणं सोपं आहे. गर्दीच्या दिवसांतही प्रत्येक पाहुण्यानंतर एक रात्र खोली रिकामी राहते आणि कुणालाच कारण सांगता येत नाही.

तुलना बरोबर असूनही दोन पावत्या निघू शकतात. ऑफिसात दोन क्लार्क बसलेत. दोघांकडे एकाच वेळी १२ नंबरच्या खोलीची विचारणा येते. पहिल्याची तपासणी सांगते, मोकळी आहे. दुसऱ्याचीही तेच सांगते, कारण पहिल्याची नोंद अजून पक्की झालेली नाही. मग दोघंही नोंद करतात. बघणं आणि लिहिणं यांच्यामध्ये क्षणभराची फट असते, ती नुसतं ट्रान्झॅक्शन वापरून बुजत नाही. डेटाबेसच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये एकाला दुसऱ्याची अर्धवट नोंद दिसतच नाही. दोन भिडणाऱ्या नोंदींच्या वेळांत काही सेकंदांचंच अंतर दिसलं, तर दोष इथे आहे असं समजावं.

यावर माझ्या मते खात्रीचा उपाय एकच : नियम डेटाबेसलाच पाळायला लावायचा. पोस्टग्रेस-क्यूएलमध्ये ही सोय २०१० पासून आहे, आणि २०१२ मध्ये तारखांचा पट्टा हा स्वतंत्र प्रकारच आल्यावर ती सोपी झाली.

```
CREATE EXTENSION btree_gist;

ALTER TABLE bookings
  ADD CONSTRAINT no_clash
  EXCLUDE USING gist (
    room_no WITH =,
    daterange(check_in, check_out) WITH &&
  ) WHERE (status <> 'cancelled');
```

अर्थ इतकाच की खोली तीच आणि पट्टे भिडणारे, अशा दोन चालू नोंदी या तक्त्यात एकत्र राहू शकत नाहीत. दुसऱ्या क्लार्कला `23P01` ही चूक मिळते, ती पकडून त्याला ‘खोली आत्ताच गेली’ असं दाखवायचं. एक सापळा मात्र आहे. येणं आणि जाणं एकाच तारखेचं नोंदवलं तर तो पट्टा रिकामा धरला जातो, आणि रिकामा पट्टा कशालाच भिडत नाही. म्हणून जाण्याची तारीख येण्याच्या तारखेनंतरचीच हवी, ही अट वेगळी घालावी लागते. मायएसक्यूएलमध्ये असा नियम लिहिता येत नाही. तिथे आधी खोल्यांच्या तक्त्यातली त्या खोलीची ओळ `SELECT ... FOR UPDATE` ने कुलूपबंद करायची आणि मगच तपासणी व नोंद करायची.

एका खोलीत अनेक कॉट असल्या की नियम बदलतो, कारण आता भिडणं चालतं, गर्दी चालत नाही. इथे नव्या अर्जाला किती नोंदी भिडतात हे मोजून भागत नाही. दोन कॉटची खोली घ्या. एक विद्यार्थिनी १ ते ४, दुसरी ६ ते ९. तिसरीला २ ते ८ राहायचंय. तिला दोन नोंदी भिडतात, म्हणून प्रोग्रॅम नकार देतो. पण रात्रीनिशी मोजलं तर कुठल्याही रात्री दोघींपेक्षा जास्त कुणी नाही. मोजायची ती सर्वांत गर्दीची रात्र.

प्रत्येक कॉटला स्वतंत्र क्रमांक देऊन वरचा नियम वापरला तर? पहिलीला कॉट ‘अ’ आणि दुसरीला ‘ब’ आधीच लिहून दिली असेल, तर तिसरीला दोन्ही कॉट नाकारल्या जातात. दुसरीला ‘अ’ वर हलवलं की ‘ब’ सलग मोकळी होते आणि तिघीही मावतात. कोणत्याही रात्री कॉटपेक्षा माणसं जास्त होत नसतील, तर सगळ्यांना आपापली कॉट न बदलता बसवता येईल अशी मांडणी नेहमीच असते, हे गणिताने सिद्ध आहे. येण्याच्या तारखेच्या क्रमाने मोकळी दिसेल ती कॉट देत गेलं की ती सापडते. म्हणून बुकिंग घेताना फक्त प्रत्येक रात्रीची माणसांची संख्या तपासावी, त्या खोलीची ओळ कुलूपबंद करून, आणि कॉटचा क्रमांक विद्यार्थिनी दारात सामान घेऊन उभी राहील तेव्हाच लिहावा.