टाकीतलं शिळं पाणी

गावाची 10 लाख लिटरची टाकी धरा. रोज 5 लाख लिटर पाणी वापरलं जातं, म्हणजे पाण्याचा टाकीतला सरासरी मुक्काम 2 दिवसांचा. क्लोरीन दिवसाला 40 टक्के घटतो असं मानलं, तर लिटरमागे 0.5 मिलिग्रॅमचा पहिल्या दिवशी 0.3 उरतो, दुसऱ्या दिवशी 0.18. नळाला किमान 0.2 हवा.

पण सरासरी फसवी असते. पाणी आत येणारा आणि बाहेर जाणारा नळ दोन्ही तळाशी, शेजारी असतील, तर नुकतं आलेलं पाणीच लगेच निघून जातं. उन्हाळ्यात हे अधिक घडतं: येणारं थंड पाणी जड असल्याने तळाशी पसरतं, वरचा कोमट थर दिवसेंदिवस हलत नाही. गरम पाण्यात क्लोरीन झपाट्याने संपतो. तळाशी तपासणी उत्तम दिसते. मग एखाद्या सकाळी मागणी वाढते, पातळी खाली जाते आणि तोच शिळा थर घराघरांत पोचतो. म्हणून नमुना वरून, मधून आणि तळातून घ्यायला हवा.

माझ्या मते आडव्या भिंती बांधण्याआधी आवकेच्या नळाचं तोंड अरुंद करावं. जोरदार धार वरच्या दिशेने सोडली की सगळं पाणी ढवळलं जातं. मात्र पंपावरचा भार वाढतो. शिवाय थोडं थोडं सतत भरण्यापेक्षा पातळी बरीच उतरू देऊन एका दमात भरलं, तर धारेला मिसळायला पुरेसा वेळ मिळतो.