दोन ग्लास रस पिऊनही भूक कशी?

मुलांनो, शिरूरहून एसटीने दौंडला गेलाय कधी? घोडनदीच्या काठचं शिरूर मागे पडलं, न्हावरं ओलांडलं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाचे फड दिसू लागतात. मागच्या उन्हाळ्यात मी, माझी ताई आणि सहावीतला भाचा याच रस्त्याने निघालो होतो. गाडी सुटण्याआधी शिरूरच्या एका रसवंतीत भाच्याने दोन ग्लास रस घटाघटा संपवला. दौंड स्टेशनवर पाय ठेवतो न ठेवतो तोच स्वारी म्हणाली, "मामा, भूक लागली!"

ताई वैतागलीच. "आत्ता तर अर्धा लिटर रस प्यालास! खोटं बोलतोस की खादाड झालायस?"

तुम्हाला काय वाटतं? भाचा खोटं बोलत होता का?

आधी थोडा हिशोब करू. दोन ग्लास, म्हणजे अर्ध्या लिटर रसात साधारण ६० ते ७० ग्रॅम साखर असते. तिच्यापासून शरीराला सुमारे २५० कॅलरी मिळतात. बाजरीच्या ७० ग्रॅम पिठाची एक जाड भाकरी खाल्ली तरी जवळपास तेवढ्याच मिळतात. म्हणजे ताईचा हिशोब बरोबर होता. पण पोटाचा हिशोब निराळा असतो, बरं का!

पोट भरलं हे मेंदूला कोण सांगतं? एक नाही, दोन पहारेकरी सांगतात. पहिला जठराच्या भिंतीत बसलेला असतो. रिकामं जठर मुठीएवढं असतं. जेवताना ते सैल होतं आणि फुग्यासारखं ताणलं जातं. भिंतीतल्या मज्जातंतूंना तो ताण कळतो आणि ते मेंदूला कळवतात, "जागा भरत आली." पण आत आलं ते पाणी की पुरणपोळी, हे या पहारेकऱ्याला फारसं समजत नाही. तो फक्त आकार मोजतो.

दुसरा पहारेकरी जठराच्या खालच्या दारापलीकडे, लहान आतड्यात असतो. त्याला आकाराशी देणंघेणं नाही. तो माल तपासतो. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींना स्निग्ध पदार्थ, प्रथिनं आणि साखर ओळखता येतात. ती दिसली की या पेशी रासायनिक निरोप सोडतात. त्यांपैकी एकाचं नाव जरा लांबलचक आहे: कोलेसिस्टोकायनिन. हा निरोप मेंदूला सांगतो, "माल पोचला, आता हात आखडा." शिवाय तो जठरालाही दटावतो, "सावकाश सोड, इथे गर्दी झालीय!"

या दोघांची कामं वेगळी आहेत हे कळलं कसं? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात रॉबर्ट फिलिप्स आणि टेरी पॉली या शास्त्रज्ञांनी उंदरांवर एक प्रयोग केला आणि १९९६ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी जठराच्या खालच्या दाराला एक छोटा फासा बसवला. फासा आवळला की दार बंद! मग जठरात कधी नुसतं मिठाचं पाणी, तर कधी तेवढंच पौष्टिक द्रव भरलं. दार बंद असताना दोन्ही वेळा उंदरांचं खाणं सारखंच कमी झालं. जठराने फक्त आकार मोजला होता! दार उघडं ठेवलं तेव्हा मात्र पौष्टिक द्रवाने भूक जास्त दबली, कारण माल आतड्यापर्यंत पोचला होता.

आता गंमत पाहा. तांब्याभर पाणी प्यायलात तर पहिला पहारेकरी लगेच ओरडतो. पण पाणी जठरातून भराभर निघून जातं आणि आतड्यातल्या पहारेकऱ्याला काहीच सापडत नाही. म्हणून पाण्याने मारलेली भूक थोड्याच वेळात परत येते. दोघांनी मिळून साक्ष दिली, तरच मेंदूची नीट खात्री पटते.

मग रसात तर साखर होती. तिथे काय बिघडलं?

बिघडलं ते वेळेचं गणित. भाकरी चावावी लागते. एक भाकरी खायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. गिळल्यावरही जठर तिला दाराबाहेर सोडत नाही. आधी घुसळून बारीक करतं. कण एक-दोन मिलिमीटरचे होईपर्यंत दार त्यांना अडवतं. तोवर जठर ताणलेलंच राहतं आणि खालच्या पहारेकऱ्याकडे माल थोडा थोडा, बराच वेळ पोचत राहतो. दोघं एकाच वेळी बोलत असतात. रसाला घुसळायची गरजच नाही. तो आल्याआल्या खाली सरकू लागतो, आणि आतड्याचा निरोप वर पोचण्याआधीच दुसरा ग्लासही रिकामा झालेला असतो.

याचा पुरावा १९७७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे मिळाला. दहा माणसांना एकदा सफरचंदं, एकदा त्यांचा लगदा आणि एकदा गाळलेला रस दिला. साखर तिन्ही वेळा सारखीच होती. रस सफरचंदांपेक्षा ११ पट वेगाने संपला! पोट भरल्याचं समाधान सफरचंदांनी सर्वांत जास्त दिलं, लगद्याने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी.

तुम्ही म्हणाल, "मामा, रसात चोथा नव्हता म्हणून तसं झालं." शंका रास्त आहे. चोथा आकार वाढवतोच. पण ऊस दाताने सोलून खातो तेव्हा चोथा आपण थुंकतो, पोटात जातो तो रसच! तरी दोन ग्लासांइतका ऊस एका बैठकीत चावून दाखवा पाहू! जबडा दुखू लागेल आणि निम्म्यातच "पुरे" म्हणाल. चावण्याचे श्रम आणि लागणारा वेळ, दोन्ही मोजले जातात.

पर्ड्यूमध्येच २००० साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात १५ मोठ्या माणसांनी चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या जेलीच्या गोळ्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरींचं गोड पेय प्यायलं. गोळ्यांच्या दिवसांत त्यांचं बाकीचं जेवण आपोआप कमी झालं. पेयाच्या दिवसांत कमी झालं नाही. त्या कॅलरी वरच्यावर पडत गेल्या आणि वजन वाढलं. म्हणून आई, बाबा, तुमच्याही कानावर घालतो: शाळेतून येताना प्यायलेल्या गोड पेयामुळे मूल रात्रीचं जेवण कमी करेल, हा भरवसा धरू नका.

पण सगळी द्रवं सारखी नसतात. इंग्लंडमधल्याच नॉटिंगहॅम इथे २०१२ साली शास्त्रज्ञांनी जठराची चित्रं घेऊन पाहिलं. जेवणासोबत पाणी प्यायलं तर पाणी आधी निसटतं. तेच जेवण त्याच पाण्यात वाटून दाट सूप केलं, तर ते जठरात जास्त वेळ राहतं आणि माणसाला पोट भरल्यासारखं जास्त वाटतं. म्हणून दाट आंबील पोटाला आधार देते आणि पातळ सरबत देत नाही, यात नवल नाही. उलट, आजारी आजोबांना चार घास जात नाहीत तेव्हा पातळ पेज किंवा दूध कामी येतं. पोट "पुरे" म्हणायच्या आत थोडी ताकद शरीरात गेलेली असते.

तर, भाचा खरंच बोलत होता. दौंड स्टेशनबाहेर ताईने त्याला पिठलं-भाकरी खाऊ घातली. परतीच्या प्रवासात शिरूर येईपर्यंत त्याने खाण्याचं नाव काढलं नाही. एका दिवसाने काही सिद्ध होत नाही हे खरं. पण ताईने मात्र "खादाड" हा शब्द परत घेतला!